हेपेटायटिस सी बरा झाला, मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशाला?

हा प्रश्न मला ओपीडीत इतक्यांदा विचारला जातो की शेवटी इथेच लिहावं म्हटलं. थोडक्यात उत्तर: लिव्हर कॅन्सर झालाच तर तो लवकर सापडावा म्हणून. सविस्तर उत्तराची पोस्ट लांबलचक आहे. ज्यांच्या घरात हेपेटायटिस बी किंवा सी निघालेला आहे त्यांनी सवडीने वाचा.

आधी एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. ५८ वर्षांचे गृहस्थ. दुसऱ्याच कुठल्या तरी ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत हेपेटायटिस सी सापडला. संसर्ग कधी झाला हे कुणालाच सांगता येईना. तरुणपणी एकदा रक्त चढवलं होतं एवढंच त्यांना आठवत होतं. सीचा विषाणू ओळखला गेला १९८९ साली आणि त्यानंतर रक्तपेढ्यांत त्याची तपासणी हळूहळू सुरू झाली, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर असू शकतो. तक्रार म्हणाल तर काहीच नव्हती. पण प्लेटलेट ९८ हजार, पाणथरी वाढलेली, आणि फायब्रोस्कॅनवर लिव्हरचा कडकपणा २२ किलोपास्कल. साडेबाराच्या पुढे गेलं की आम्ही सिरोसिस धरतो.

सोफोसबुवीर आणि वेल्पाटासवीर या दोन औषधांची एकत्र गोळी, रोज एक, बारा आठवडे. गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून रक्तात विषाणूचा आरएनए तपासला. नॉट डिटेक्टेड. हे औषध नीट घेतलेल्या शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त लोकांना हाच रिपोर्ट मिळतो, आणि या टप्प्यावर निगेटिव्ह आलेला विषाणू आपणहून परत येत नाही. त्याला 'बरा झाला' म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

हरकत आहे ती त्यानंतरच्या वाक्याला. "मग आता सुटलो ना?"

सी असलेल्या लिव्हरमध्ये वीस-तीस वर्षं नेमकं काय चालतं ते बघा. हा विषाणू आरएनएचा आहे. तो पेशीच्या केंद्रकात शिरत नाही आणि आपल्या डीएनएला हातही लावत नाही. नुकसान होतं ते त्याच्याशी चाललेल्या लढाईत. आपली प्रतिकारशक्ती विषाणू असलेल्या पेशी मारते, उरलेल्या पेशी दुभागून ती जागा भरून काढतात, पुन्हा त्यांतल्या काही मरतात. जिथे भरून निघत नाही तिथे व्रण साठत जातो. हा व्रण जाळीसारखा पसरला आणि मधल्या पेशींच्या गाठीगाठी झाल्या की त्याला सिरोसिस म्हणतात. प्रत्येक वेळी पेशी दुभागते तेव्हा डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात, पण एक जागा फार महत्त्वाची आहे: टर्ट नावाचं जनुक. गुणसूत्रांची टोकं झिजू नयेत म्हणून लागणारं एन्झाइम या जनुकातून बनतं. प्रौढ लिव्हर पेशीत ते जवळपास बंद असतं, त्यामुळे पेशी ठरावीक वेळा दुभागून थांबते. त्याचं बटण चुकून चालू झालं की त्या पेशीला थांबायचं कारण उरत नाही. सिरोसिसमधल्या काही गाठींत, कॅन्सर होण्याच्या आधीच, हा बदल झालेला सापडतो.

आता गोळ्यांनी विषाणू गेला. लढाई थांबली, नवीन नुकसान थांबलं. पण ज्या पेशीत तो बदल आधीच झालाय ती पेशी तिथेच आहे. औषध विषाणूवर चालतं, डीएनएतल्या चुकीवर नाही. त्यामुळे धोका उतरतो, भरपूर उतरतो, पण शून्यावर येत नाही.

किती उतरतो? अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या बावीस हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा सी या नव्या गोळ्यांनी बरा झाला त्यांच्यात लिव्हर कॅन्सरचं प्रमाण, बरा न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी निघालं. कॅन्सरच्या बाबतीत एवढा फरक पाडणारी औषधं फार थोडी आहेत. पण त्याच अभ्यासात पुढचा आकडा आहे आणि तो कुणी फारसा सांगत नाही. बरे झालेल्यांपैकी ज्यांना सिरोसिस नव्हता त्यांच्यात वर्षाला हजारी तीन-चार कॅन्सर झाले. ज्यांना आधीच सिरोसिस होता त्यांच्यात हजारी अठरा. दोन्हीकडे विषाणू नॉट डिटेक्टेडच होता. म्हणून बरं झालात का हा प्रश्न मला अर्धा वाटतो. बरं झालात तेव्हा लिव्हर कुठल्या अवस्थेत होतं, हे विचारा.

(मधे, २०१६ च्या सुमाराला, या नव्या गोळ्यांमुळेच कॅन्सर उफाळून येतो अशी भीती पसरली होती. काही मोजक्या रुग्णांवरच्या निरीक्षणातून ती आली आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकली नाही. अजूनही कुणीतरी त्याचा फॉरवर्ड पाठवतं. कृपा करून त्यापायी गोळ्या टाळू नका.)

पुन्हा आपल्या गृहस्थांकडे. वर्षभराने फायब्रोस्कॅन केला तर २२ चा ११ झाला होता. घरात आनंदीआनंद. त्यांच्या मुलाने तर घरीच हिशोब केला. फिब-४ नावाचं एक साधं सूत्र आहे: वय गुणिले एएसटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) आणि एएलटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने. एएसटी आणि एएलटी ही लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम. उपचाराआधी एएसटी ८८, एएलटी ९६ आणि प्लेटलेट ९८ होते, म्हणून उत्तर ५.३. सव्वातीनच्या वर म्हणजे व्रण बराच वाढलेला. आता वय ५९, एएसटी ३०, एएलटी २५, प्लेटलेट ११८. उत्तर बरोबर ३. "म्हणजे डॉक्टर, सिरोसिस गेला!"

गेला नव्हता. कडकपणाच्या आकड्यात व्रण असतो तशी सूजही असते. विषाणू गेल्यावर सूज काही महिन्यांत उतरते आणि आकडा झपकन खाली येतो. व्रण विरायला मात्र वर्षानुवर्षं लागतात, काहींचा तर पूर्ण विरतच नाही. फिब-४ मध्येही एएसटी उतरल्याने उत्तर खाली आलं. प्लेटलेट अजून ११८ हजारच होत्या आणि पाणथरी मोठीच होती, म्हणजे लिव्हरच्या शिरेतला दाब पूर्ण गेला नव्हता. हे सगळे कटऑफ मुळात विषाणू असलेल्या लिव्हरवर ठरवलेले आहेत. बरं झाल्यानंतर सुधारलेल्या आकड्याच्या भरवशावर तपासणी बंद करायची नसते. उपचाराआधीचा आकडा काय होता, त्यावर ठरतं.

कुरकुरत का होईना, ते दर सहा महिन्यांनी येत राहिले. तिसऱ्या वर्षी उजव्या भागात १.७ सेंटिमीटरची गाठ दिसली. एएफपी म्हणजे लिव्हर कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन, तो ६, अगदी नॉर्मल. लहान गाठीत तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो, म्हणून "नुसता एएफपी करतो, सोनोग्राफी नको" हे चालत नाही. सोनोग्राफीही काही देव नाही. पोट जाड असेल, लिव्हर खडबडीत असेल, तर छोटी गाठ निसटते. म्हणूनच दोन्ही एकत्र करायच्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा. एक सेंटिमीटरच्या आतली गाठ असती तर तीन महिन्यांनी परत पाहिलं असतं. ही मोठी होती, त्यामुळे रंगद्रव्य देऊन टप्प्याटप्प्यांचा सीटी केला. पहिल्या टप्प्यात गाठ उजळली, नंतरच्या टप्प्यात आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडली. सिरोसिस असलेल्या माणसात हे चित्र इतकं नेमकं असतं की बायोप्सीही लागत नाही. सुईतून उष्णता देऊन गाठ जाळली आणि दुसऱ्या दिवशी ते घरी गेले. हीच गाठ दोन वर्षांनी, पोट फुगल्यावर सापडली असती तर माझ्याकडे द्यायला फारसं काही उरलं नसतं.

आता बी. लोक दोन्ही नावं एका दमात घेतात, पण बीचा स्वभाव निराळा. हा डीएनएचा विषाणू. तो केंद्रकात शिरून ठाण मांडतो, आणि त्याचे तुकडे आपल्या गुणसूत्रात घुसतात. घुसायची त्याची आवडती जागा कुठली? टर्टच्या शेजारी. सी सिरोसिसच्या वाटेने ज्या बटणापर्यंत पोहोचतो, तिथे बी कधीकधी थेट पोहोचतो. त्यामुळे बीमध्ये सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. तैवानमध्ये बीस्ली यांनी २२,७०७ पुरुषांचा पाठपुरावा करून १९८१ मध्ये दाखवलं की बीचे वाहक असलेल्यांत लिव्हर कॅन्सरचं प्रमाण इतरांच्या दोनशेपटीहून जास्त आहे.

बीच्या गोळ्या, एन्टेकाविर किंवा टेनोफोविर, विषाणूची वाढ दाबतात, पण केंद्रकातलं ठाणं उठवत नाहीत. तरी नुसतं दाबण्यानेही फरक पडतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, लिव्हर बरंच खराब झालेल्यांना जुनं लॅमिवुडीन दिलं, तेव्हा साधारण अडीच-तीन वर्षांत कॅन्सरचं प्रमाण ७.४ वरून ३.९ टक्क्यांवर आलं. आजची औषधं त्याहून सरस आहेत, विषाणू त्यांना सहज दाद न देणारा होत नाही. अट एकच, गोळी मनाने बंद करायची नाही. 'व्हायरल लोड शून्य' असा रिपोर्ट पाहून बंद केली की काही महिन्यांत विषाणू उसळतो, आणि सिरोसिस असलेल्या लिव्हरला तो झटका झेपेलच असं नाही. आणखी एक: सीच्या गोळ्या सुरू करण्याआधी बीची तपासणी झालीय ना, हे विचारा. दोन्ही असतील तर सी दबल्यावर बी उसळू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला.

माझा राग आमच्याच लोकांवर आहे. "बी आहे, पण झोपलेला आहे, काही करायचं नाही" असं सांगून माणसाला घरी पाठवायचं. तो बिचारा दहा वर्षं फिरकत नाही. झोपलेला असेल तर जागा झाला का हे बघायला व्हायरल लोड आणि एएलटी वरचेवर करावे लागतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तसंच सीच्या शेवटच्या रिपोर्टवर 'बरा' लिहून खाली मोकळी जागा सोडायची. त्या जागेत दोन ओळी हव्यात: उपचाराआधी सिरोसिस होता की नव्हता, आणि पुढची सोनोग्राफी कुठल्या महिन्यात.

ज्यांचं लिव्हर सीच्या उपचाराआधी खरोखर मऊ होतं, आणि दारू, मधुमेह, लिव्हरवर चरबी असं दुसरं काही नाही, त्यांना या सहामाही फेऱ्यांची गरज नाही. सिरोसिसच्या एक पायरी अलीकडे असलेल्यांबद्दल युरोप आणि अमेरिकेच्या तज्ज्ञांत मतभेद आहेत. मी त्यांना बोलावतो. आणि हो, बरं झाल्यावरही सीची अँटिबॉडी टेस्ट बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच येते. कुठल्याशा तपासणीत ती पॉझिटिव्ह आली म्हणून रात्री दोनला मला मेसेज करू नका. आरएनए करा, तो नॉट डिटेक्टेड असेल तर सी नाही.