मंगळवारी तू नक्की काय करतोस?

नोकरीच्या जाहिरातीत दोन भाग असतात. वर रोजच्या जबाबदाऱ्या, खाली पात्रता. मी आयुष्यभर फक्त खालचा भाग वाचत आलो. बी.कॉम.? आहे. टॅली? येतं. एक्सेल? येतं. ८ वर्षांचा अनुभव? माझा ११ वर्षांचा. स्वतःची दुचाकी आणि लायसन्स? दोन्ही आहेत, त्यातलं लायसन्स चालू स्थितीत आहे. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळायचे. तरी २६ ठिकाणी अर्ज करून फोन आला एकच, तोही विमा काढता का म्हणून.

शेवटी बायोडाटा भाचीला दाखवला. ती माणसं निवडायच्याच धंद्यात आहे. तिने तो मिसळीवरच्या तर्रीकडे बघावं तसा बघितला.

"मामा, बी.कॉम. आणि टॅलीवाले दीडशे जण पडलेत माझ्याकडे. तू मंगळवारी सकाळी ऑफिसात जाऊन नक्की काय करतोस?"

"चहा घेतो."

"त्यानंतर?"

तिने फुलस्केप कागदाला मधोमध घडी घातली. डावीकडे जाहिरातीतल्या जबाबदाऱ्या एकेक करून उतरवल्या आणि उजवी बाजू माझ्याकडे सरकवली. प्रत्येक ओळीसमोर मी हे काम कुठे, किती आणि कसं केलं, ते लिहायचं. 'येतं' हा शब्द वापरायला बंदी.

पहिली ओळ: 'पुरवठादारांच्या बिलांचा ताळमेळ.' मी लिहिलं, 'जीएसटीचं उत्तम ज्ञान.' तिने खोडलं. "हे खालच्या भागाचं उत्तर झालं. वरचा भाग विचारतोय, करतोस काय?"

मग मी चिडून सगळं सांगितलं. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर २बी येतं. म्हणजे आपल्या पुरवठादारांनी कुठली बिलं सरकारला दाखवली त्याची यादी. ती मी आमच्या खरेदीच्या नोंदींशी लावतो. बिल आपल्याकडे आहे पण यादीत नाही, तर त्या कराचं क्रेडिट मिळत नाही आणि २० तारखेच्या रिटर्नला तेवढी रोकड खिशातून जाते. म्हणून मधले पाच-सहा दिवस मी फोनवर असतो. कुणी बिल चढवायलाच विसरलेला असतो, कुणी आमच्या जीएसटी नंबरातला एक आकडा चुकवलेला असतो. भोसरीच्या एका स्प्रिंगवाल्याने तर सलग तीन महिने आमची बिलं भलत्याच गिऱ्हाइकाच्या नावावर चढवली होती आणि मला म्हणत होता, "साहेब, कर तर भरलाय ना?"

"पुरवठादार किती?"

"साठेक."

"न जुळणारी बिलं?"

"आधी महिन्याला चाळीसच्या आसपास. चुकलेली बिलं दुरुस्त होईपर्यंत पुरवठादाराच्या पैशातला तेवढाच कर रोखून धरायला लागलो, तेव्हापासून पाच-सहा."

"आणि हे बायोडाटात कुठंय?"

कुठेच नव्हतं. तिथे 'मेहनती व प्रामाणिक' होतं.

मला वाटायचं, हे तर रोजचंच आहे, ते काय लिहायचं? पण जाहिरातीतला वरचा भागही रोजचाच असतो, आणि त्यातल्या पहिल्या दोन-तीन ओळींतच बहुतेक वेळ जातो. ते काम करणारा माणूस सोडून गेलेला असतो, म्हणून तर जाहिरात.

पुढच्या ओळीत 'एमआयएस अहवाल' पाहून मी हात टेकले. पण शनिवारी मालकांना व्हॉट्सॲपवर जो तक्ता पाठवतो, कोणाकडून किती येणं आणि किती दिवसांचं, तोच तो निघाला. अकरा वर्षं मी एमआयएस करत होतो आणि घरच्यांना कल्पना नव्हती. 'विविध विभागांशी समन्वय' म्हणजे स्टोअरवाल्याशी भांडण. खरेदीची ऑर्डर, माल आल्याची पावती आणि बिल, तिन्हींवरचे नग जुळल्याशिवाय मी पैसे सोडत नाही, आणि तो पावतीवर नग मोजायच्या आधीच सही करतो. भांडण वगळून उरलेलं लिहिलं.

'निर्यातीची कागदपत्रं' यासमोर मात्र काही सुचेना. "एकदा मस्कतला पार्सल पाठवलं होतं," मी म्हणालो.

"काय होतं त्यात?"

"चकली."

ती ओळ कोरी राहिली. "तीच विचारतील," भाची म्हणाली, "आणि तू केलं नाही म्हणून सांगशील." जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे उचलायलाही तिने मनाई केली. तो मजकूर त्यांचाच असतो, 'कसं?' असं विचारलं की आपली वाचा बसते.

शेवटची ओळ होती, 'वेळोवेळी सोपवलेली इतर कामे.' इथे माझी लेखणी धावली. मालकांच्या मुलाची फी, लक्ष्मीपूजनाच्या चोपड्या, एसीवाल्याला फोन. भाचीने तेवढंच खोडलं.

दहा दिवसांनी बोलावणं आलं. साहेबांनी पहिलाच प्रश्न स्प्रिंगवाल्याच्या महिन्यांवर विचारला, कारण त्यांच्याकडेही एक तसाच होता. वीस मिनिटं आम्ही दोघं मिळून पुरवठादारांना शिव्या घालत बसलो. निर्यातीचं विचारलं, मी नाही म्हणालो, त्यांनी टिपून घेतलं. तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा एसी टपटपू लागला.

"सर, ड्रेनचा पाइप तुंबलाय," माझ्या तोंडून गेलं. "नंबर देऊ?"