नोकरी बदलताना जुना पगार लपवण्याच्या सल्ल्याला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज असा: "नोकरी बदलली तर जुन्या कंपनीचा पगार नव्या कंपनीला सांगू नका. दोघं आपापला टीडीएस कापतात, हिशोब तिथंच मिटतो. सांगितला तर डबल कापतात. 12 लाखांपर्यंत तसाही टॅक्स नाही, आणि काही असलंच तर पॅनवरून नव्या कंपनीला दिसतंच."

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीतून चाकणला, पुण्याला जाणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर हा मेसेज दर पावसाळ्यानंतर हमखास येतो. यातल्या प्रत्येक वाक्याचं उत्तर द्यायला हवं, कारण त्याचा फटका जुलैत, रिटर्न भरताना, एकरकमी बसतो.

आधी कंपनी टीडीएस काढते कसा ते पाहू. पगारावरचा टीडीएस हा त्या महिन्याच्या पगारावरचा टॅक्स नसतो, तो वर्षभराच्या अंदाजाचा एक तुकडा असतो. एप्रिलमध्ये अकाउंट्सवाले तुमचा महिन्याचा पगार बारांनी गुणतात, ठरलेला बोनस धरतात, स्टँडर्ड डिडक्शन वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर पूर्ण वर्षाचा टॅक्स काढून तो बारा महिन्यांत वाटतात. मध्येच पगारवाढ झाली की अंदाज नव्याने मांडतात आणि उरलेला टॅक्स उरलेल्या महिन्यांत बसवतात. कमीजास्त कापलेलं त्याच वर्षात जुळवून घ्यायची मुभा कायद्यानेच कंपनीला दिली आहे. पण हा अंदाज बांधताना कंपनीला फक्त तिनं स्वतः दिलेला किंवा देणार असलेला पगार दिसतो.

आता एक उदाहरण घेऊ, आर्थिक वर्ष 2025-26 चं, नव्या करप्रणालीतलं. वाळूजच्या प्लांटमधला एक क्वालिटी इंजिनिअर, पगार महिना 90,000. जुन्या कंपनीचा अंदाज 10,80,000 रुपयांचा. 75,000 स्टँडर्ड डिडक्शन गेलं की 10,05,000. ही रक्कम 12 लाखांच्या आत, म्हणून कलम 87ए ची सूट लागते आणि टॅक्स शून्य. सप्टेंबरअखेर त्यानं नोकरी सोडली, तोवर एक रुपयाही कापला गेला नाही आणि त्यात जुन्या कंपनीची काहीच चूक नाही.

ऑक्टोबरपासून चाकणला दीड लाख महिना. नव्या कंपनीला दिसतात सहा महिने, म्हणजे 9 लाख. तीही 75,000 वजा करते, उरतात 8,25,000, आणि तीही शून्य टॅक्स काढते.

खरं वार्षिक उत्पन्न मात्र 5,40,000 अधिक 9,00,000, म्हणजे 14,40,000. स्टँडर्ड डिडक्शन एका माणसाला वर्षात एकदाच मिळतं, म्हणून करपात्र 13,65,000. पहिले 4 लाख मोकळे, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000, उरलेल्या 1,65,000 वर 15 टक्क्यांनी 24,750. बेरीज 84,750, त्यावर 4 टक्के सेस धरून 88,140 रुपये. दोन्ही कंपन्यांनी नियमाप्रमाणे शून्य कापलं आणि देणं मात्र अठ्ठ्याऐंशी हजारांचं. मोकळा स्लॅब, स्टँडर्ड डिडक्शन आणि 87ए ची सूट या तिन्ही गोष्टी दोघांनी वेगवेगळ्या दिल्या, म्हणून हे झालं. 12 लाखांची मर्यादा माणसाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाला आहे, प्रत्येक कंपनीच्या पगाराला नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकं हेच सोडून दिलंय.

'डबल' कापण्याची भीती कुठून येते, तेही कळतं. त्यानं ऑक्टोबरमध्येच फॉर्म 12बी भरून जुन्या पगाराची माहिती दिली असती, तर 88,140 सहा महिन्यांत वाटले गेले असते, म्हणजे महिना 14,690. पहिल्या दिवसापासून हीच नोकरी असती आणि वर्षाचं उत्पन्न एवढंच असतं, तर महिना 7,345 कापले गेले असते. आकडा दुप्पट दिसतो तो सहा महिने निघून गेले म्हणून. टॅक्स तोच आहे. जुन्या कंपनीनं काही कापलं असेल तर त्याचा रकाना 12बी मध्ये असतोच. समजा 10,000 कापले असते, तर नव्या कंपनीनं 78,140 च वसूल केले असते.

पॅनचं म्हणाल, तर एआयएस आणि 26एएस, म्हणजे तुमच्या उत्पन्नाचा आणि कापलेल्या टॅक्सचा आयकर विभागाकडचा तपशील, तुम्हाला तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो, नव्या मालकाला नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायची वाट नाही. आयकर विभागाला मात्र दोन्ही पगार दिसतात, कारण दोन्ही कंपन्या तुमच्याच पॅनवर विवरणं भरतात.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. जुना पगार नव्या कंपनीला सांगायची सक्ती कर्मचाऱ्यावर नाही. कायदा 'देऊ शकतो' असं म्हणतो. वाटाघाटीत जुना आकडा उघड करायचा नसेल, तर तो तुमचा हक्क आहे. पण मग टीडीएसनंतर उरणारा टॅक्स 10,000 किंवा जास्त असला की आगाऊ कर स्वतः भरावा लागतो. हे न करता जुलैत रिटर्नबरोबर रक्कम भरली, तर आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम 234बी खाली महिना 1 टक्क्यानं चार महिन्यांचे साधारण 3,500 आणि त्याचे हप्ते चुकल्याबद्दल कलम 234सी खाली साधारण 4,450, म्हणजे जवळपास आठ हजार रुपये नुसतं व्याज. 15 मार्चच्या आत सगळा टॅक्स स्वतः भरला, तरी जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या चुकलेल्या हप्त्यांचं साडेतीन हजारांच्या आसपास व्याज उरतंच. टीडीएसला ही अट नाही: तो ऑक्टोबरनंतर कापला तरी वर्षाच्या टॅक्समधून सरळ वजा होतो. म्हणून 12बी देणं स्वस्त पडतं.

"जुन्या कंपनीचा फॉर्म 16 आला की देतो" असं बरेच जण म्हणतात. तो येतो वर्ष संपल्यावर, जूनच्या सुमारास, तेव्हा कापायला पगारच उरलेला नसतो. 12बी तुम्ही स्वतः भरायचा असतो, सॅलरी स्लिप आणि फायनल सेटलमेंटच्या कागदावरून. रजेचे पैसे, बोनस हेही त्यात घ्या. जुन्या कंपनीचा पॅन आणि टॅन, म्हणजे टीडीएस कापण्यासाठीचा तिचा नंबर, लागतो, म्हणून राजीनाम्याच्या शेवटच्या आठवड्यातच मागून घ्या. फेब्रुवारीत रुजू होत असाल तर सगळी कपात एकदोन पगारांतून होईल, घराचा हप्ता सांभाळून पैसे बाजूला ठेवा. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे ज्या वर्षी नोकरी बदलाल, त्या वर्षाचाच फॉर्म कंपनीकडून मागा.

नव्या कंपनीनं माहिती खरंच धरली का, हे पहिल्याच स्लिपवर कळतं. टॅक्सच्या तक्त्यात 'मागील मालकाकडून मिळालेलं उत्पन्न' अशी ओळ बहुधा असते. तिथं शून्य असेल, तर दुसऱ्या दिवशीच पेरोलवाल्यांना विचारा, मार्चपर्यंत थांबू नका. वर्षअखेरीस फॉर्म 16 च्या भाग ब मध्येही इतर मालकाकडच्या पगाराचा वेगळा रकाना असतो. आपल्या उदाहरणात तिथं 5,40,000 दिसायला हवेत.