कळविण्यात येते की

वाचनालयात वाळवी निघाली. गुरुवारपासून तीन दिवस फवारणी, म्हणजे वाचनालय बंद. ‘तू तरुण आहेस’ (मी सत्तेचाळीसचा आहे) या कारणासाठी सूचना लिहिण्याचं काम वर्षभरापासून माझ्या गळ्यात आहे. फळ्यासाठी आणि सभासदांच्या ग्रुपसाठी मी लिहिलं: ‘गुरुवार ते शनिवार वाचनालय बंद आहे. वाळवी लागलीय, फवारणी करतोय. पुस्तकं बुधवारीच घेऊन ठेवा.’

कार्यवाह काकांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. काका चष्मा काढतात तेव्हा माझी अर्धी संध्याकाळ जाते.

“हे काय आहे?”

“सूचना.”

“ही सूचना? हे तर तू जिन्यातून ओरडून सांगितल्यासारखं वाटतंय. ‘फवारणी करतोय.’ कोण करतोय? तू करतोयस?”

“नाही, तो माणूस येणार आहे.”

“मग ‘फवारणी करण्यात येणार आहे’ असं लिही.”

“म्हणजे कोण करणार ते कळलं का?”

“ते कळायचं नसतंच. संस्था आहे ही.”

यावर मी गप्प बसलो, कारण मुद्दा बिनतोड होता. ‘-ण्यात येते’ हा संस्थांना लागलेला शोधच आहे. शुल्क वाढविण्यात येते, पंखे बंद ठेवण्यात येतात, दिलगिरीसुद्धा व्यक्त करण्यात येते. सगळं आपोआप घडतं, करणारा कुठेच सापडत नाही. माझ्या घरी बशी फुटल्यावर मी एकदा ‘बशी फोडण्यात आली आहे’ म्हणून पाहिलं. घरात ही सोय चालत नाही.

“आणि ‘घेऊन ठेवा’?” काका पुढे सरकले. “सभासदाला आज्ञा? ‘न्यावीत.’ वा-वी-वे लाव. शाळेत विध्यर्थ शिकला होतास ना?”

हेही खरंच होतं. ‘ठेवा’ म्हटलं की बोट दाखवल्यासारखं होतं, ‘न्यावीत’ म्हटलं की हात जोडल्यासारखं. काम तेच. फक्त ‘न्यावीत’मध्ये न नेण्याचीही मुभा आहे असं सभासद समजतात, आणि नेत नाहीत.

खरी लढाई अनुस्वारावर झाली. “पुस्तकं नाही, पुस्तके,” काका म्हणाले. मी मात्र तयारीत होतो. साहित्य महामंडळाचे जे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, त्यांत ‘असं केलं, मी म्हटलं’ असं बोलण्याप्रमाणे लिहायला मुभा आहे, हे मी जरा छाती काढूनच सांगितलं.

“आहे ना. पात्राच्या तोंडी घालायच्या वाक्यात,” काका शांतपणे म्हणाले. “वाचनालय पात्र आहे का? त्याला तोंड आहे का?”

या माणसाशी वाद घालू नये. शेवटी सूचना गेली ती अशी: ‘सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, ग्रंथसंपदेस वाळवीचा प्रादुर्भाव झाल्याने प्रतिबंधात्मक फवारणी करण्यात येणार असून, सदर कारणास्तव वाचनालय गुरुवार ते शनिवार बंद ठेवण्यात येईल. तरी सभासदांनी आवश्यक ती पुस्तके बुधवारी न्यावीत व सहकार्य करावे.’ ‘बंद’ हा शब्द कुठे आहे ते मोजा. मी मोजलं: एकवीस शब्दांनंतर येतो. तिथपर्यंत कोण पोचतं? ‘कळविण्यात येते’ दिसलं की लोक वार्षिक सभा समजून अंगठा दाखवतात. आमच्या ग्रुपवर एकवीस अंगठे आले.

त्याच रात्री शाळेच्या मित्रांना रविवारच्या मिसळीचं सांगायचं होतं. हात त्याच वळणावर गेलेला. लिहून बसलो: ‘सर्व मित्रांना कळविण्यात येते की’, आणि बोट चुकून पाठवण्यावर पडलं. पुढे मिसळ लिहायच्या आत तीन जणांनी विचारलं, “अरे, कोण गेलं?” एकाने तर हात जोडून ‘भावपूर्ण’ लिहूनही टाकलं. कुणाच्या नावाने, ते विचारायचीही त्याला गरज वाटली नाही. आमच्यात कुणी ‘कळवतं’ ते तेवढ्याचसाठी. एरवी ‘ए, रविवारी मिसळ, नऊला, उशीर केलास तर रस्सा संपेल’ एवढ्यात सगळं येतं, धमकीसकट.

गुरुवारी सकाळी चावी द्यायला गेलो तर दारात सात सभासद. एकवीस अंगठ्यांपैकी चार तरी त्यांत असावेत. औषधाचा वास सुटलेला, आणि पुस्तकाची पिशवी धरलेल्या एक आजी दारावरची सूचना बोट फिरवत वाचत होत्या. ‘प्रादुर्भाव’पाशी त्या थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. शेवटी वैतागून वळल्या.

“बंद आहे म्हणायला एवढं? कुणी लिहिलंय हे?”

मी काकांकडे पाहिलं. ‘लिहिण्यात आले आहे’ असं ते म्हणतील अशी माझी पक्की खात्री होती.

“ह्यानं लिहिलंय,” काका म्हणाले, कर्त्यासकट, अनुस्वारासकट.