वालीचा अपघात

भाचीच्या संस्कृत चाचणीत ‘बालकेन फलं खाद्यते’ आलं होतं. मी शिकवल्याप्रमाणे तिने ‘मुलगा फळ खातो’ लिहिलं आणि अर्धा गुण गेला. शेजारी लाल शाईत बरोबर उत्तर: ‘मुलाकडून फळ खाल्ले जाते.’

भांडायला शाळेत गेलो. वर्गाबाहेरच्या बाकावर नातवाची वही घेतलेले एक आजोबा होते. माझी तक्रार ऐकून त्यांना भलताच आनंद झाला.

“बाईंचं बरोबर आहे. कर्मणि म्हणजे कर्मणि! तृतीयेला ‘कडून’.”

“घरी असं बोलता का आजोबा?”

“बोलले जाते!”

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. “माझ्याकडून साखर खाल्ली जात नाही,” त्यांनी बजावलं. शिपाई थबकला. “मग कोणाकडून खाल्ली जाते?”

अहो, मराठीतल्या ‘कडून’ला चूक घडल्याचा वास असतो. ‘माझ्याकडून कप फुटला’ म्हणजे मुद्दाम नाही फोडला. त्या हिशेबाने फळ खाणाऱ्या पोराला दवाखान्यात न्यायला हवं. व्याकरणातलं जुनं उदाहरण आहे, ‘रामेण बाणेन हतो वाली’. आजोबांनी लगेच केलं, “रामाकडून बाणाने वाली मारला गेला.” म्हणजे पुसता पुसता बाण सुटला! वालीची तक्रार तर नेमकी उलटी होती: लपून, नेम धरून मारलं.

‘रामाने बाणाने वालीला मारलं’ यात काय बिघडलं? संस्कृतातही दोन्ही तृतीयाच, एक मारणाऱ्याची आणि एक हत्याराची. कोण कोण ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. भूतकाळात तर काही करावंच लागत नाही. मया कथा लिखिता, मी कथा लिहिली. मया पत्रं लिखितम्, मी पत्र लिहिलं. आपलं ‘लिहिली-लिहिलं’ त्याच घराण्यातलं, म्हणून कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं.

गोची वर्तमानात. तिथे ‘मुलाने खातो’ होत नाही, म्हणून कर्ता सरळ प्रथमेत आणायचा. पण सरसकट नाही हं. ‘तेन गन्तुं न शक्यते’ला ‘त्याच्याने जाववत नाही’ किती छान बसतं! आणि ‘भवता आस्यताम्’चं ‘आपणाकडून बसले जावे’ करणाऱ्याला मात्र उभंच ठेवावं. ‘बसा’ म्हणा की!

पोराला प्रयोग ओळखता येतो का हे पाहायचंय ना? मग ‘प्रयोग ओळखा’ असा वेगळा प्रश्न घाला. त्यासाठी त्याची मराठी कशाला वाकडी करता? बाईंना हेच म्हणालो.

“आदर्श उत्तरांत तसंच दिलं गेलंय.”

“कोणी दिलं?”

“वरून ठरवलं गेलंय.”

इथे मात्र कर्मणि अगदी अस्सल मराठी होतं. कर्ता तृतीयेतही सापडेना. अर्धा गुण अजून मिळालेला नाही.