काका, भिंत तुमची आहे ना? मग सही करा की!

आज दुपारी घरमालकांचा मेसेज आला. "थोडं सहन करा. बांधकाम काय कायमचं चालणार आहे का?" पुढे हात जोडलेले. मी तेव्हा आईच्या खोलीतल्या खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबत होते. टॉवेल ठेवून उत्तर लिहायला बसले, पण काकांना जे लिहायचं होतं ते लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

शेजारच्या प्लॉटवर इमारत उठतेय. उठू दे. आम्ही राहतो ती इमारतही कधीतरी कुणाच्या तरी डोक्यावर धूळ ओतूनच उभी राहिली असणार, हे मला कळतं. मी काम बंद पाडायला निघालेली नाही. हे आधी सांगते, कारण "बांधकामाला विरोध कशाला?" हा प्रश्न काकांनीही विचारला आणि साइटवरच्या सुपरवायझरनेही. दोघांचे शब्द इतके सारखे की मला जरा शंकाच आली.

आजचा प्रकार असा. आमच्या खिडकीसमोरच, कंपाउंडच्या भिंतीला टेकून, एक माणूस ग्राइंडरने फरशा कापत होता. कोरड्या. पाण्याचा थेंब नाही. कंपाउंडला पत्रे लावलेत ते पुरुषभर उंचीचे, आणि हिरवी जाळी फक्त रस्त्याच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना साइट नीटनेटकी दिसावी म्हणून. आमच्या बाजूला उघडं आकाश. पाच मिनिटांत गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी पिठी बसली. खोदकामाची लाल माती मला परवडते, ती जड असते, खाली बसते, झाडली की गेली. ही पिठी वेगळी. दगड आणि काँक्रीट कापताना त्यातली सिलिका इतकी बारीक होऊन उडते की तिचा सर्वांत वाईट भाग डोळ्यांना दिसतही नाही. तो हवेत तरंगत राहतो आणि थेट फुप्फुसात उतरतो. आईला दमा आहे. आणि त्या कापणाऱ्या माणसाच्या तोंडाला फक्त रुमाल होता. त्याच्या फुप्फुसांचं काय होणार, हा विचार केला की माझा राग त्याच्यावर निघतच नाही.

कटरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली की धूळ जागच्या जागी चिखल होऊन खाली पडते. एक नळी आणि एक बादली, एवढंच लागतं.

आता काकांचा किस्सा ऐका. आम्ही राहायला आलो तेव्हा मी हॉलमध्ये घड्याळासाठी एक खिळा ठोकला होता. एक! काका भाडं न्यायला आले, खिळा बघितला आणि अर्धा तास भिंतीचं महत्त्व सांगून गेले. "भिंत माझी आहे, आधी विचारायचं." बरोबरच होतं म्हणा, करारात तसं लिहिलेलं होतं. आणि आज त्याच भिंतीच्या पलीकडे ब्रेकर लागला की कपाटातल्या काचेच्या बरण्या एकमेकींवर वाजतात, तर भिंत कुणाचीच नाही!

आईच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी चीर निघालीय. प्लास्टरवर जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा असतात ना, त्या बऱ्याचदा नुसत्या प्लास्टर आकसल्याच्या असतात, त्यांचं मी काही म्हणत नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि लांब होत जाणारी चीर म्हणजे भिंत हलल्याची शंका घ्यायला हवी. मी तिच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घातली आणि शेजारी पट्टी धरून फोटो काढला. चीर रेघेच्या पुढे गेलीय. काकांना फोटो पाठवला, तर म्हणे "ती आधीपासूनच असेल." असेलही. चीर बघून ती कशाने पडली हे मी सांगू शकत नाही, तो इंजिनिअरचा प्रांत. पण "आधीपासून" नव्हती हे सिद्ध करायचा पुरावा कुणाकडे आहे माहितीय? काकांकडेच! त्या खिळ्याच्या प्रकरणानंतर त्यांनी सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवले होते, आम्ही घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापायला उपयोगी पडतील म्हणून. माझ्या खिळ्यासाठी काढलेले फोटो आज त्यांच्याच भिंतीच्या कामाला येतील, आणि ते द्यायला तयार नाहीत.

धूळ आणि आवाजाची तक्रार मी राहणारी म्हणून करू शकते, करणारच आहे. पण भिंतीच्या नुकसानीचं बोलायला लागले की पहिला प्रश्न "मालक कोण?" असाच येतो. मी उद्या बोऱ्याबिस्तरा उचलून जाईन, चीर इथेच राहील. म्हणून काकांकडे मागितलंय ते इतकंच: "मी या घराचा मालक आहे. माझ्या भाडेकरूच्या तक्रारीला माझा पाठिंबा आहे. काम सुरू होण्याआधीचे भिंतींचे फोटो सोबत जोडत आहे." तीन वाक्यं आणि खाली सही. टाइप करूनही मीच पाठवलं. यात त्यांचा एक पैसा जात नाही.

तक्रारही मी "फार त्रास होतो" अशी रडगाणं लावून लिहिलेली नाही. कुठल्या दिवशी, किती ते किती, कुठलं यंत्र, पाणी होतं का, जाळी होती का, असं लिहिलंय. आणि मागण्या अशा, की कुणीही येऊन बघितल्या तर झालं की नाही ते दिसेल: कटर ओला चालवा, आमच्या बाजूने वरपर्यंत जाळी लावा, राडारोडा वरून फेकू नका, पाइपमधून उतरवा, ब्रेकरची वेळ ठरवा आणि ती पाळा.

सुपरवायझर हुशार आहे. मोबाइलवर आवाज मोजून दाखवतो, "बघा मॅडम, फार नाहीये." कुठे उभा राहून? गेटपाशी! मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. गेट यंत्रापासून माझ्या खिडकीच्या चौपट लांब आहे, म्हणजे १२ डेसिबल तिथेच गळाले. माझ्या खिडकीत येऊन मोज ना बाबा.

एक मात्र कबूल. परवा स्लॅबचं काम रात्रीपर्यंत चाललं, त्याबद्दल मी भांडले नाही. काँक्रीट ओतायला घेतलं की मध्येच थांबवता येत नाही, सांधा कच्चा राहतो. पण आदल्या दिवशी कळवायला काय जातं? आईला त्या रात्री बहिणीकडे पाठवलं असतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. काका वाईट नाहीत. आईला बरं नव्हतं तेव्हा स्वतः रिक्षा घेऊन आले होते. मला वाटतं ते घाबरतात, उद्या आपली इमारतही कुणाला तरी बांधायला द्यायची, तेव्हा आत्ताच वाकडं कशाला. समजू शकते. पण एका खिळ्यासाठी ज्या भिंतीची एवढी काळजी, तिच्यासाठी एक सही नाही निघत?

अर्ज उद्या सकाळी जातोय, माझ्या एकटीच्या सहीने. काकांचं पत्र आलं तर मागाहून जोडेन. तुमच्यापैकी कुणी घरमालक असाल आणि भाडेकरूला असं पत्र दिलं असेल, तर कमेंटमध्ये लिहा. मी ते काकांना दाखवणार आहे. आणि "घर बदला" असं कृपया कुणी सांगू नका.