परवान्यातलं क्रियापद शोधा

दुसऱ्याचा खुला कोड कोणत्या अटींवर वापरता येतो हे त्याचा परवाना सांगतो, आणि एमआयटी, जीपीएल ही अशाच परवान्यांची नावं. त्यांच्याबद्दल असा सल्ला ऐकू येतो:

«एमआयटी घ्या, त्यात अटच नसते. जीपीएलच्या वाटेला जाऊ नका, एकदा वापरलं की तुमचा सगळा कोड आपोआप खुला होतो आणि पैसेही घेता येत नाहीत. परवाना वाचत बसू नका, नाव बघून ठरवा.»

एमआयटीचा मजकूर दोन मिनिटांत वाचून होतो. पहिल्या परिच्छेदात परवानगी, शेवटच्या परिच्छेदात हमी नाकारलेली, आणि मध्ये एकच वाक्य. ते वाक्य म्हणजे अट: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीत, किंवा त्याच्या मोठ्या भागात, ठेवला पाहिजे. वेबसाइटचा जावास्क्रिप्ट कोड बारीक करताना टिप्पण्या उडतात आणि त्यांच्याबरोबर ही ओळही जाते. कोणी मुद्दाम करत नाही, पण अट मोडलेली असते. सगळ्या लायब्ररींचे परवाने एका फाइलमध्ये गोळा करून बिल्डसोबत दिले की काम भागतं.

आता जीपीएल. «वापरलं की» हाच शब्द चुकीचा आहे. तिसऱ्या आवृत्तीचं कलम २ सांगतं की जे तुम्ही दुसऱ्यापर्यंत पोचवत नाही, ते चालवायला आणि बदलायला अट नाही. सगळं अडलंय ‘कन्व्हे’ या एका क्रियापदावर, म्हणजे दुसऱ्याच्या हाती प्रत जाईल असं काही करण्यावर. कलम ० मध्ये हेही लिहिलंय की प्रत न देता नेटवर्कवरून नुसता संवाद होणं म्हणजे कन्व्हे नव्हे.

समजा, तुम्ही बिलं बनवणारा प्रोग्राम लिहिलात आणि पीडीएफसाठी जीपीएल ३ ची लायब्ररी जोडलीत. प्रोग्राम तुमच्याच सर्व्हरवर चालतो, लोक ब्राउझरमधून बिलं काढतात. कोणाला काहीच द्यावं लागत नाही. मग तोच प्रोग्राम इन्स्टॉल करायच्या स्वरूपात ग्राहकांना दिलात, की गणित बदलतं. कलम ५ नुसार ते एकत्र झालेलं काम सगळंच्या सगळं जीपीएलखाली द्यावं लागतं, आणि कलम ६ नुसार बायनरी ज्यांना दिलीत त्यांना सोर्स मिळायला हवा. डाउनलोडने देत असाल तर सोर्सही तितक्याच सहज, जादा पैसे न घेता. एक सापळा लक्षात ठेवा: ती लायब्ररी जावास्क्रिप्टची असेल आणि ब्राउझरमध्ये चालत असेल, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाकडे प्रत जातेच. «आमचं तर सर्व्हरवर आहे» ही सबब तिथे टिकत नाही.

आणि हाच प्रोग्राम एजीपीएल या जीपीएलच्या भाऊबंद परवान्याच्या लायब्ररीवर उभा असता तर? त्या परवान्याचं कलम १३ नेमकी सर्व्हरची पळवाट बुजवतं. तुम्ही ती लायब्ररी बदलली असेल, तर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळवायची सोय ठळकपणे द्यावी लागते. दोन्ही परवाने बहुतांशी शब्दशः सारखेच आहेत, फरक मुख्यतः या कलमाचा.

पैशांबद्दल कलम ४ स्पष्ट आहे: प्रतीला हवी ती किंमत घ्या. अडचण पुढे येते. विकत घेणारा तीच प्रत दुसऱ्याला फुकट देऊ शकतो आणि तुम्ही त्याला अडवू शकत नाही. म्हणजे विक्रीला बंदी नाही, मक्तेदारीला आहे. ज्याचा धंदा परवाना शुल्कावरच चालतो त्याने जीपीएल टाळणं शहाणपणाचंच आहे, तेवढं मी मान्य करतो.

कोड मात्र ‘आपोआप’ खुला होत नाही. अट मोडली तर तुमची परवानगी संपते आणि उरतो तो कॉपीराइटचा भंग. मग लायब्ररी काढून टाकायची, सोर्स द्यायचा की भरपाईवर मिटवायचं, हे ठरवावं लागतं. पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सुधारलीत, तर कलम ८ नुसार परवानगी कायमची परत मिळते.

स्वतःच्या कोडला परवाना निवडतानाही उलटा गैरसमज दिसतो. जीपीएल लावला म्हणजे लोक सुधारणा माझ्याकडे परत पाठवतील, असं अनेकांना वाटतं. तसं कुठेच लिहिलेलं नाही. सोर्स जातो तो ज्याला प्रत मिळाली त्याच्याकडे. तुमच्या हाती तो येईलच असं नाही.

राहता राहिलं नाव. फाइलच्या डोक्यावर या दोनांपैकी कोणती ओळ आहे ते बघा:

```
SPDX-License-Identifier: GPL-2.0-only
SPDX-License-Identifier: GPL-2.0-or-later
```

दोन्हींना लोक ‘जीपीएल’च म्हणतात. अपाची २.० या आणखी एका परवान्याचा कोड दुसरीसोबत जोडून वाटता येतो, कारण ती तुम्ही तिसऱ्या आवृत्तीखाली घेऊ शकता. पहिलीसोबत, जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते, तो जुळत नाही, कारण पेटंटबाबतच्या अपाचीच्या अटी जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत नाहीत.