धन्वंतरीचा श्लोक आणि आठव्या दिवसाचा फोड

"देवीची लस जेनरने शोधली हे धादांत खोटं आहे. धन्वंतरीने हजारो वर्षांपूर्वी गायीच्या सडावरच्या फोडाची लस श्लोकात लिहून ठेवली आहे. आपले टीकादार ती गावोगाव देत होते. इंग्रजांनी ती चोरली, बाटलीत भरली आणि आपल्यालाच टोचली. देवी गेली ती स्वच्छतेमुळे, म्हणून तर आता कोणी टोचत नाही. अभिमान असेल तर पुढे पाठवा."

आबा, तुम्ही हे आपल्या भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं. सकाळी तेच मला शिरपूरच्या मामांकडून आलं आणि दुपारी भुसावळहूनही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. यात एक गोष्ट अगदी खरी आहे, ती आधी घेतो.

टीकादार, म्हणजे देवी टोचणारे, खरंच होते. बंगाल, बिहार, ओरिसात उन्हाळा लागायच्या आधी ते गावोगाव फिरत. हॉलवेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७६७ मध्ये त्यांची पद्धत बारकाईने लिहून ठेवली. दंडावरची थोडी कातडी खरवडायची, मागच्या वर्षीच्या देवीच्या फोडातल्या द्रवात भिजवलेला कापूस गंगाजलाचे थेंब टाकून त्यावर ठेवायचा, आणि आधी महिनाभर मासे, दूध, तूप वर्ज्य. चीनमध्ये वाळलेल्या खपल्यांची पूड नाकात फुंकत. तुर्कस्तानात सुईने टोचत, ते पाहून लेडी मेरी माँटेग्यूने १७१८ मध्ये आपल्या मुलाला टोचून घेतलं आणि ही रीत लंडनला गेली. अमेरिकेत बोस्टनला १७२१ च्या साथीत ती ओनेसिमस या आफ्रिकन गुलामाच्या सांगण्यावरून सुरू झाली. म्हणजे चोरीचा गुन्हा नोंदवायचाच तर फिर्यादींची रांग लांब आहे, आणि तिच्यात आपण एकटे नाही.

पण ही लस नव्हे. टीका म्हणजे माणसाच्या देवीचाच खराखुरा विषाणू, फक्त श्वासातून न जाता कातडीतून दिलेला. कातडीतून गेला की आजार बहुधा सौम्य येई. बोस्टनच्या साथीत आपोआप देवी आलेल्यांपैकी शंभरात चौदा गेले, टोचलेल्यांपैकी शंभरात दोन-तीन. फायदा मोठाच होता. अडचण अशी की टोचलेल्या पोराला खरी देवी येई, आणि त्याच्या खोकल्यातून ती शेजारच्या न टोचलेल्या पोराला पूर्ण ताकदीने लागे. एक घर वाचवताना गल्ली पेटू शके. म्हणून चांगले टीकादार अख्खं गाव एकाच वेळी टोचत आणि पथ्य संपेपर्यंत कोणाला बाहेर जाऊ देत नसत. गायीच्या देवीचा फोड मात्र टोचल्या जागीच राहतो, त्यातून कोणाला देवी लागत नाही. सगळा फरक इथे आहे, आणि तुमच्या संदेशात या दोन गोष्टींची खिचडी झाली आहे.

आता श्लोक. चरक-सुश्रुतात मसूरिका या नावाने देवीचा उल्लेख आहे, माधवनिदानात तर तिचा वेगळा अध्याय आहे. पण गायीच्या सडावरचा फोड आणि शस्त्राच्या टोकावर घेतलेला द्रव यातल्या कुठेच नाही. हा मजकूर धन्वंतरीच्या नावावर छापून आला तो १८१९ मध्ये, 'मद्रास कुरिअर' या वर्तमानपत्रातल्या एका पत्रात. जेनरचं पुस्तक निघून तेव्हा एकवीस वर्षं झाली होती आणि मद्रासेत लस टोचणं चालूही होतं. त्याच काळात मद्रासचे कलेक्टर एलिस यांनी लोकांनी लस घ्यावी म्हणून देवीमाता आणि धन्वंतरी यांचा संवाद तमिळमध्ये रचला होता. म्हणजे आपल्या अभिमानासाठी आपण ज्या प्रकारचा पुरावा नाचवतोय, तो बहुधा लशीच्या सरकारी प्रचारातून आला आहे. हे मला फारच गमतीचं वाटतं.

जेनरनेही शून्यातून काही काढलं नाही. गायी दोहणाऱ्या बायकांना देवी येत नाही, हे त्याच्या भागातल्या गवळ्यांना माहीत होतं. जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने १७७४ मध्येच आपल्या बायको-मुलांना गायीच्या फोडातला द्रव टोचला होता. जेनरने १४ मे १७९६ ला आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचलं, जुलैत त्याच पोराला माणसाच्या देवीचा टीका दिला आणि तो लागत नाही हे दाखवलं. मग आणखी माणसांवर ताडून १७९८ मध्ये छापलं. एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर लस पुढे नेता येते, हेही त्यानेच नीट मांडलं.

आणि इथे तुमची 'बाटली' येते. आबा, बाटली नव्हतीच. बर्फ नाही, फ्रिज नाही. द्रव दोऱ्यावर वाळवून जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून पाठवला तर तो मुंबईपर्यंत मरून जाई. मग व्हिएन्नाच्या द कारो या डॉक्टरने दुसरी वाट काढली. लशीत भिजवलेला कापसाचा बोळा दोन काचांमध्ये दाबायचा, काचा वितळलेल्या मेणात पुन्हा पुन्हा बुडवून त्याचा गोळा करायचा आणि कागदाच्या कपट्यांनी भरलेल्या पेटीत ठेवायचा. तो गोळा इस्तंबूलवरून बगदादला पोचला तेव्हा आतला द्रव ओला होता. बगदादहून बसरा, तिथून जहाजाने मुंबई. जून १८०२ मध्ये मुंबईत मुलांना टोचलं, आणि १४ जूनला टोचलेल्या अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर फोड नीट आला. तिच्या फोडातून पुढची मुलं, त्यांच्यातून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. हिंदुस्थानातली सुरुवातीची लस त्या एका पोरीच्या दंडातून निघाली.

आपल्याकडे मात्र तेव्हा होळकरांच्या स्वाऱ्या, आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. खान्देश इंग्रजांकडे आला १८१८ मध्ये. त्यानंतरही ही लस तापीकाठी आणणं म्हणजे काय होतं, ते आपल्याच रस्त्यावर मांडून बघा. समजा, धुळ्यात सोमवारी दोन पोरांना टोचलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुटकुळी दिसते, आठव्या दिवशी तिचा मोत्यासारखा, मध्ये खळगी पडलेला फोड होतो आणि आत स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. तोच दिवस कामाचा. दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत द्रव गढूळ होऊन पू होतो, मग त्याचा उपयोग नाही. म्हणजे पुढच्या सोमवारी त्यातलं एक पोर आईसह बैलगाडीत घालून सोनगीरला न्यायचं आणि तिथे नवी दोन टोचायची. त्याच्या पुढच्या सोमवारी सोनगीरचं पोर नरडाण्याला, नंतर नरडाण्याचं शिरपूरला. पन्नास-पंचावन्न किलोमीटरला तीन आठवडे. दरवेळी न टोचलेलं, देवी न आलेलं, निरोगी पोर तयार हवं आणि त्याची आई राजी हवी. एका गावात दोन्ही फोड खाजवून फुटले, किंवा दुसऱ्याच दिवशी लाल होऊन चिघळले (हा खोटा फोड, याने संरक्षण येत नाही), की साखळी तुटली. मग परत धुळ्यापासून. वैशाखात तर विचारच नको. म्हणून टोचणीचं काम मुख्यतः हिवाळ्यात चाले.

आया राजी नसत याचं कारण निव्वळ अडाणीपणा नव्हतं. दुसऱ्याच्या लेकराच्या अंगातला द्रव आपल्या लेकराच्या अंगात जाणार, कोणाचा, कुठल्या घरचा, हा प्रश्न होताच. वर आपल्या लेकराचा फोड फोडून त्यातलं काढून नेणार. भीती अगदीच पोकळही नव्हती. १८६१ मध्ये इटलीत रिव्हाल्टा गावी एका बाळाच्या फोडातून टोचलेल्या मुलांपैकी चाळीसच्या वर मुलांना उपदंश झाला. त्यानंतर वासराच्या पोटावर लस वाढवण्याची पद्धत युरोपात जोर धरू लागली. पुढे तीच आपल्याकडे आली. स्पेनने तर १८०३ मध्ये बावीस अनाथ मुलं जहाजावर घेऊन, दर नऊ-दहा दिवसांनी दोघांना टोचत, लस अटलांटिकपार नेली. त्या मुलांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आता स्वच्छतेचं. गटारं, नळाचं पाणी यांनी कॉलरा आटोक्यात येतो. देवी पसरे ती समोरासमोर बसलेल्या माणसाच्या श्वासातून. १९७४ ची साथ आठवा. देशात पावणेदोन लाखांवर रुग्ण झाले. त्या वेळी टाटानगर, म्हणजे देशातल्या आखीवरेखीव शहरांपैकी एक, इथून आगगाडीने गेलेल्या लोकांबरोबर देवी दूरदूरच्या गावांत पोचली. रस्ते स्वच्छ असून ती थांबली नाही.

इथे मात्र तुमच्या बाजूचं थोडं मान्य करतो. नुसतं 'सगळ्यांना टोचा' म्हणूनही ती गेली नव्हती. १९६२ पासून मोहीम चालू होती, आकडे फुगत होते, पण पातळ लस उन्हात मरायची आणि एकाच पोराला दोनदा टोचून हजेरी भरायची. फरक पडला तो दोन साधनांनी आणि एका युक्तीने. पहिलं साधन वाळवलेली लस, जी ३७ अंशातही महिनाभर टिके. जळगावच्या मार्चला ती पुरेशी होती. दुसरं दुतोंडी सुई. बुडवली की दोन टोकांमध्ये नेमका एक थेंब अडके, मग दंडावर पंधरा वेळा टोचायचं, रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत. आठवड्याने फोड दिसला तर लागली, नाहीतर पुन्हा. युक्ती अशी की सगळ्या देशामागे न धावता रुग्ण शोधायचा, त्याच्या दारावर माणूस बसवायचा आणि आजूबाजूची घरं टोचून कडं करायचं. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस होतं, ते वाढत वाढत हजार रुपयांवर गेलं. भारतातली शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला सापडली, तीही बांगलादेशातून आलेली.

आणि आता टोचत नाहीत, कारण देवीचा विषाणू फक्त माणसात जगतो. जनावरात लपत नाही, बरा झालेला माणूस तो पुढे वाहत नाही. साखळीतला शेवटचा माणूस बरा झाला की तो संपतो. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. तुमच्या दंडावर जी रुपयाएवढी, आत खळगी आणि कडेला रेघा असलेली खूण आहे ती देवीच्या लशीची. ग्रुपवरची पोरं आपापल्या दंडाचे फोटो टाकून 'आमचीपण आहे' म्हणतात, ती छोटी, आवळलेली खूण क्षयाच्या बीसीजीची आहे.